बँकेच्या नावाने आलेला मेसेज खरा की खोटा, हे कसं ओळखायचं

समजा, तुमच्या फोनवर हा एसएमएस आला आहे:

> प्रिय ग्राहक, ४४१७ ने संपणाऱ्या आपल्या खात्यात आज नवीन लाभार्थी जोडण्यात आला आहे. सदर बदल आपण केला नसल्यास त्वरित रद्द करा: https://example.com.payee-cancel.test/login

यात शुद्धलेखनाची चूक नाही, लॉटरी नाही, बक्षीस नाही. कुणी पैसेही मागत नाही. उलट बँकच तुम्हाला सावध करते आहे असं वाटतं. खात्याचे शेवटचे चार आकडेसुद्धा बरोबर आहेत. आणि तरीही हा मेसेज खोटा आहे.

या लेखात आपण हाच एक मेसेज शेवटपर्यंत धरून चालणार आहोत. त्यासाठी असं समजू की तुमच्या बँकेची खरी वेबसाइट `example.com` आहे. हा पत्ता आणि `.test` हे शेपूट १९९९ सालापासून उदाहरणांसाठी आणि चाचणीसाठी राखून ठेवलेलं आहे, म्हणजे चुकून कुणाच्या खऱ्या साइटवर बोट ठेवलं जाणार नाही. तुमच्या बँकेचा पत्ता अर्थातच वेगळा असेल. तो आत्ताच नीट पाहून ठेवा. कार्डाच्या मागे, पासबुकावर किंवा बँकेच्या अ‍ॅपमध्ये तो छापलेला असतो. खरा पत्ता माहीतच नसेल, तर खोटा ओळखायला काही आधार उरत नाही.

## आधी, जे पाहून काही कळत नाही ते सोडून द्या

बहुतेक जण सगळ्यात आधी मेसेज कुणाकडून आला ते पाहतात. वर बँकेचं नाव आहे, त्याच खिडकीत मागचे खरे मेसेजही दिसताहेत, म्हणजे हाही बँकेचाच असणार. फसवणुकीत सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा समज हाच आहे.

एसएमएसमध्ये पाठवणाऱ्याच्या जागी फोन नंबरऐवजी अक्षरं लिहिता येतात, जास्तीत जास्त ११. ती अक्षरं पाठवणारा स्वतः भरतो. काही देशांत अशा नावांची नोंदणी सक्तीची आहे, मोबाइल कंपन्या चाळणी लावतात, पण सगळीकडे तशी व्यवस्था नाही आणि जिथे आहे तिथेही तिला बगल देता येते. एक प्रकार असा की चोर गाडीत छोटा खोटा मोबाइल टॉवर घेऊन फिरतात. आसपासचे फोन क्षणभर त्याला जोडले जातात आणि मेसेज कंपनीच्या यंत्रणेतून न जाता थेट फोनमध्ये पडतो. चाळणी मधे येतच नाही.

आता तुमचा फोन काय करतो? त्याला फक्त नाव दिसतं. नाव सारखं असलं की तो नवा मेसेज जुन्या मेसेजांच्या खाली लावून टाकतो. म्हणून मागच्या महिन्यातल्या खऱ्या ओटीपीच्या बरोबर खाली आजचा खोटा इशारा दिसतो. तुमच्या फोनने हे दोन्ही मेसेज एकाच ठिकाणाहून आल्याची खात्री केलेली नसते, त्याने फक्त अक्षरं जुळवलेली असतात.

ईमेलचंही तसंच. वर ठळक दिसणारं नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. त्या नावावर दाबलं की खरा ईमेल पत्ता उघडतो. त्यातला `@` च्या नंतरचा भाग वाचायचा. तो बँकेचा नसेल तर पुढे बघायची गरज नाही. मात्र तो बँकेचा दिसला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका, कारण सगळ्या मेल सेवा सारख्याच काटेकोरपणे तपासणी करत नाहीत.

नाव, शेवटचे चार आकडे, जन्मतारीख बरोबर असणं हेही पुरावा म्हणून धरू नका. अशी माहिती दुकानं, अ‍ॅप आणि इतर साइटच्या चोरीला गेलेल्या याद्यांमधून फिरत असते. आणि "खोट्या मेसेजमध्ये भाषेच्या चुका असतात" हा जुना सल्ला तर मला आता धोकादायकच वाटतो. चुका असल्या तर संशय घ्यावा हे खरं, पण चुका नाहीत म्हणून माणूस निश्चिंत होतो, आणि व्यवस्थित भाषेत लिहिणं चोरांना आता अजिबात जड जात नाही.

एवढं सगळं बाजूला काढल्यावर मेसेजमध्ये वाचण्याजोगी एकच गोष्ट उरते. ती म्हणजे लिंकचा पत्ता.

## पत्ता उजवीकडून वाचायचा

आपल्या मेसेजमधली लिंक पुन्हा पाहा:

```
https://example.com.payee-cancel.test/login
```

आपण डावीकडून वाचतो, म्हणून डोळ्यांना आधी `example.com` दिसतं आणि मन म्हणतं, "बँकच आहे." वेबचा पत्ता मात्र पाकिटावरच्या पत्त्यासारखा असतो: घर, गल्ली, गाव या क्रमाने तो लहानाकडून मोठ्याकडे जातो. आपल्याला गाव कुठलं ते पाहायचं आहे, आणि ते शेवटी असतं.

म्हणून असं करा. सुरुवातीचं `https://` सोडून द्या. मग त्यानंतरचं पहिलं `/` शोधा आणि त्याच्यापासून पुढचं सगळं झाका, अगदी बोटाने झाकलं तरी चालेल. उरतं ते असं:

```
example.com.payee-cancel.test
```

आता उजवीकडून मागे या. शेवटचा तुकडा `test`. त्याच्या आधीचा `payee-cancel`. हे दोन मिळून या साइटचा मालक ठरतो: `payee-cancel.test`. त्याच्या डावीकडे जे काही लिहिलंय ते त्या मालकाने आपल्या मर्जीने लिहिलेलं आहे. त्याने तिथे `example.com` लिहिलं, उद्या दुसऱ्या बँकेचं नाव लिहील. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. बँकेची खरी साइट असती तर झाकल्यानंतर शेवटी `example.com` उरलं असतं. उदाहरणार्थ `netbanking.example.com` हा पत्ता बँकेचाच आहे, कारण त्याचा शेवट बरोबर आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. काही देशांत शेपूटच दोन तुकड्यांचं असतं, जसं `.co.in` किंवा `.co.uk`. तिथे शेवटचे तीन तुकडे धरायचे. नाहीतर `co.in` लाच मालक समजून बसाल.

या पद्धतीचा सराव झाला की पुढच्या युक्त्या आपोआप उघड्या पडतात:

```
https://payee-cancel.test/example.com/login
https://example-com.test/login
https://example.com@payee-cancel.test/login
```

पहिल्यात बँकेचं नाव `/` च्या पुढे आहे, म्हणजे ते आपण झाकलेल्या भागात गेलं. दुसऱ्यात टिंबाच्या जागी आडवी रेघ आहे. `example-com` हा एकच सलग शब्द झाला आणि तो कुणीही विकत घेऊ शकतो. तिसरी जरा फसवी आहे. पत्त्यात पहिल्या `/` च्या आधी `@` आलं, तर ब्राउझर `@` च्या आधीचं सगळं वापरकर्त्याचं नाव समजतो आणि `@` च्या पुढच्या साइटवर जातो. बँकेच्या मेसेजमधल्या लिंकमध्ये त्या जागी `@` दिसलं तर तेवढ्यावरच ती खोटी धरा.

आता या पद्धतीची मर्यादाही सांगतो. काही अक्षरं दिसायला जवळपास सारखीच असतात. `rn` आणि `m` छोट्या स्क्रीनवर वेगळे ओळखून दाखवा! `l` आणि `1` यांचंही तेच. त्यापुढची पायरी म्हणजे दुसऱ्या लिपीतली अक्षरं. रशियन लिपीतला एक स्वर हुबेहूब इंग्रजी `a` सारखा दिसतो, पण संगणकासाठी ते वेगळं अक्षर आहे. २०१७ साली एका संशोधकाने हे दाखवण्यासाठी `xn--80ak6aa92e.com` हा पत्ता नोंदवला होता. तेव्हाच्या क्रोम आणि फायरफॉक्समध्ये तो `apple.com` असाच दिसत होता. क्रोमने पुढे ते दुरुस्त केलं, पण यातून एक गोष्ट कळते: काही वेळा डोळे कितीही ताणले तरी फरक दिसणारच नाही. त्यावरचा उपाय पुढे येईल.

लिंक वाचायची म्हणजे ती उघडायची नाही, हे सांगायला हवं. फोनवर मेसेजचा मजकूर कॉपी करून नोट्समध्ये चिकटवा आणि तिथे निवांत वाचा. चिकटवल्यावर तिथेही लिंक निळी होऊ शकते, तिच्यावर बोट पडू देऊ नका. लिंक दाबून धरून पाहण्याची सवय असेल तर जरा जपून, कारण काही फोन त्या वेळी आतलं पान झलक म्हणून उघडून दाखवतात. ईमेलमध्ये आणखी एक गोम असते. तिथे दिसणारी अक्षरं एक आणि आतला पत्ता दुसरा असं करता येतं. वर स्वच्छ `example.com` लिहिलेलं असतं आणि दाबलं की भलतीकडेच. संगणकावर माउस लिंकवर नुसता नेऊन थांबवलात, क्लिक न करता, तर खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात आतला पत्ता दिसतो. तोच वाचायचा.

लिंक आखूड करून पाठवलेली असेल, किंवा लिंकच्या जागी क्यूआर कोड असेल, तर वाचण्यासारखं काही उरतच नाही. अशा वेळी अंदाज बांधत बसू नका. वाचता न येणारा पत्ता खोट्याच्या खात्यात टाका.

## कुलूप दिसलं म्हणून?

पत्त्याच्या शेजारी कुलूप दिसलं की साइट सुरक्षित, असं अनेक वर्षं सांगितलं गेलं. त्या कुलपाचा अर्थ एवढाच होता की तुमचा फोन आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही. ती साइट चोराची असेल तर तुमचा पासवर्ड चोरापर्यंत अगदी सुरक्षित पोहोचतो. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र २०१५ च्या अखेरीपासून कुणालाही फुकट आणि काही मिनिटांत मिळू लागलं, तेव्हा खोट्या साइटवरही कुलूप आलं. लोकांचा हा गैरसमज काही जाईना, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते कुलपाचं चिन्हच काढून टाकलं. `https` नसेल तर पळा. असेल तर त्यावरून काहीच ठरवू नका.

## पान उघडलंच, तर आत काय चालतं

आता समजा घाईत लिंक दाबली गेली. समोर बँकेचं पान आलं: तोच लोगो, तेच रंग, खाली सुरक्षिततेच्या सूचनाही त्याच. यात नवल नाही. खऱ्या पानाची नक्कल काढायला फारसा वेळ लागत नाही. नुसतं पान उघडल्याने सहसा पैसे जात नाहीत. काहीही न भरता बंद केलंत तर बहुतेक वेळा तिथेच संपतं.

पण भरलंत, तर पुढे काय होतं ते सावकाश पाहू, कारण नेमकं इथेच शेवटचं एक लक्षण दिसतं.

तुम्ही वापरकर्ता नाव आणि पासवर्ड टाकता. पान म्हणतं, "कृपया थांबा, पडताळणी सुरू आहे," आणि एक गोल फिरत राहतो. त्या वेळात चोर, किंवा त्याचा प्रोग्रॅम, तुम्ही दिलेला पासवर्ड बँकेच्या खऱ्या साइटवर टाकत असतो. खरी बँक तुमच्या फोनवर ओटीपी पाठवते. आणि इकडे खोटं पान विचारतं, "लाभार्थी रद्द करण्यासाठी ओटीपी टाका."

ओटीपी येतो तो बँकेकडूनच, खरा. म्हणून उरलासुरला संशयही जातो. तुम्ही सहा आकडे टाकता आणि चोर खात्यात शिरतो. मग खोटं पान म्हणतं, "ओटीपी चुकीचा आहे, नवीन ओटीपी पाठवला आहे." तुम्हाला वाटतं आपलाच एखादा आकडा चुकला. खरं तर पहिला ओटीपी अगदी बरोबर होता आणि वापरून झाला. दुसरा ओटीपी दुसऱ्या कामासाठी आहे: चोर आता स्वतःचं खातं लाभार्थी म्हणून जोडतो आहे. म्हणजे ज्या गोष्टीची भीती दाखवून तुम्हाला इथवर आणलं, ती गोष्ट आत्ता, तुमच्याच हाताने होते आहे.

काही जण एक युक्ती सांगतात की पानावर आधी मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून बघा, खोटी साइट तो मुकाट्याने स्वीकारेल. ही युक्ती विसरून जा. चोर जर तुमची माहिती त्याच क्षणी खऱ्या बँकेत टाकत असेल, तर चुकीचा पासवर्ड त्यालाही नाकारला जाईल आणि तुम्हालाही तसंच दिसेल. त्यावरून तुम्ही साइट खरी ठरवाल.

## ओटीपीचा मेसेज शेवटपर्यंत वाचा

या सगळ्या नाटकात खऱ्या बँकेचे शब्द फक्त एकाच ठिकाणी असतात, ते म्हणजे ओटीपीच्या मेसेजमध्ये. बऱ्याच बँका त्यात ओटीपी कशासाठी आहे हे लिहितात. आपल्या उदाहरणात तो असा असेल:

> नवीन लाभार्थी जोडण्यासाठी आपला ओटीपी ५२०८३१ आहे. हा कुणालाही सांगू नका.

पानावर लिहिलंय "रद्द करण्यासाठी" आणि मेसेजमध्ये लिहिलंय "जोडण्यासाठी". एवढी विसंगती दिसली तरी डाव उलटतो. पण ती दिसत नाही, कारण मेसेज कुणी वाचतच नाही. फोनच्या वरच्या पट्टीत मेसेजची सुरुवात झळकते, कीबोर्डच्या वर सहा आकडे आयते येतात, बोट लावलं की भरलेसुद्धा जातात. ही सोय चांगलीच आहे, पण मेसेज न वाचण्याची सवय तिनेच लावली.

म्हणून सवय बदला. ओटीपी आला की तो मेसेज उघडा आणि आकड्यांच्या आधीचं आणि नंतरचं वाक्य वाचा. काम काय लिहिलंय? रक्कम लिहिली आहे का? कुणाला जाते आहे? मी आत्ता नेमकं हेच करतोय का? उत्तर "नाही" किंवा "कळत नाही" असं आलं, तर आकडे टाकायचे नाहीत. पैसे अजून गेलेले नाहीत, फक्त पासवर्ड गेला आहे, आणि तो बदलता येतो.

हीच कसोटी फोनवरच्या बोलण्यालाही लागते. "बँकेतून बोलतोय, तुमचे पैसे परत पाठवतोय, आलेला कोड सांगा," असं कुणी म्हणालं, तर मेसेजमध्ये कोड कशाचा लिहिलाय ते पाहा. पैसे तुमच्या खात्यात यायला तुमचा पिन किंवा ओटीपी लागत नाही. बाहेर जायला लागतो.

## जिथे डोळे कमी पडतात

`rn` आणि `m` चा प्रश्न आपण मागे ठेवला होता. त्यावर दोन उपाय आहेत.

एक म्हणजे पासवर्ड मॅनेजर. फोनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये तो असतोच. बँकेचा पासवर्ड त्यात साठवला, की मॅनेजर तो नेमक्या कुठल्या पत्त्यासाठी आहे हेही लक्षात ठेवतो. दिसायला सारख्या असलेल्या अक्षरांनी तो फसत नाही, कारण तो चित्र पाहत नाही, अक्षरांचे आतले आकडे जुळवतो. खऱ्या साइटवर तो नाव-पासवर्ड पुढे करतो, खोट्या साइटवर गप्प बसतो. नेहमी पुढे येणारा पासवर्ड आज आला नाही, तर "मॅनेजर बिघडलाय वाटतं" म्हणून हाताने टाइप करायला जाऊ नका. आधी पत्ता पाहा. काही बँकांच्या साइट मॅनेजरला मुद्दाम अडवतात, हे खरं आहे आणि वैतागाचंही आहे. तिथे हा उपाय चालणार नाही. बँक पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी फोन उघडण्याच्या बोटाच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन करण्याची, सोय देत असेल तर ती त्याहून बरी, कारण पासकी साइटच्या पत्त्याला बांधलेली असते आणि दुसऱ्या पत्त्यावर ती वापरताच येत नाही.

दुसरा उपाय सगळ्यात साधा, आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचा: मेसेज खरा की खोटा हे ठरवण्याच्या भानगडीतच पडू नका. मेसेज बंद करा, बँकेचं अ‍ॅप नेहमीसारखं उघडा आणि लाभार्थ्यांची यादी पाहा. खरंच कुणी नवीन जोडला असेल तर तो तिथे दिसेल, आणि तिथूनच काढताही येईल. नसेल, तर मेसेज खोटा होता. अ‍ॅप नसेल तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर करू नका, आणि इंटरनेटवर शोधून सापडलेल्या पहिल्या नंबरवरही नको, कारण खोटे ग्राहकसेवा नंबर तिथेही पेरलेले असतात.

हा मार्ग मला आणखी एका कारणासाठी पटतो. खऱ्या बँकाही कधीकधी विचित्र मेसेज पाठवतात. ग्राहकांचं मत विचारणारी आखूड लिंक, कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीच्या पत्त्यावर नेणारं ईमेल, "त्वरित" आणि "अन्यथा" यांनी भरलेली भाषा, सगळं असतं त्यात. चांगला जाणकारही अशा मेसेजवर अडखळतो. वाट बदलली की अडखळण्याचा प्रश्नच येत नाही. बँकेला खरोखर काही हवं असेल तर ते अ‍ॅपमध्ये आत दिसेल.

## लिंक नसलेले मेसेज

हे दोन प्रकारांत येतात. पहिल्यात फक्त फोन नंबर असतो: "व्यवहार तुम्ही केला नसल्यास या नंबरवर संपर्क साधा." पत्ता नाही म्हणून वाचायला काही नाही. तिकडे फोन केलात की गोड बोलणारा माणूस स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगतो. बँकेच्या कुठल्याही कामासाठी तुमची स्क्रीन पाहण्याची गरज नसते. असं अ‍ॅप टाकायला सांगितलं की फोन ठेवा, सभ्यपणे निरोप घेण्याचीही गरज नाही.

दुसऱ्यात फाइल असते, बहुधा चॅटमधून आलेली. नाव स्टेटमेंट किंवा केवायसीचा फॉर्म असं काहीतरी, आणि शेवटी `.apk`. हा कागद नाही, अँड्रॉइडचं अ‍ॅप आहे. ते टाकायला लागलात की फोन "अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप" असा इशारा देतो, आणि टाकल्यावर ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं. ती मिळाली की ओटीपी तुम्हाला विचारावाच लागत नाही, अ‍ॅप परस्पर वाचून पुढे पाठवतं. बँकेचं स्टेटमेंट पीडीएफ म्हणून येतं. ते फोनमध्ये इन्स्टॉल करावं लागत नाही.

## माहिती दिली गेली असेल तर

इथे क्रम महत्त्वाचा आहे.

सगळ्यात आधी बँकेला फोन करा, कार्डामागच्या नंबरवर, आणि खातं आणि कार्ड तात्पुरतं थांबवायला सांगा. अ‍ॅपमध्ये कार्ड गोठवण्याचं बटण असेल तर फोन लागेपर्यंत ते दाबून टाका. पैसे गेले असतील तर किती वाजता, किती आणि कुठे गेले ते सांगा. चोराच्या खात्यातून पैसे पुढे सरकण्याआधी ते अडवता येतात, पण तो वेळ फार थोडा असतो. म्हणून आधी घरच्यांना सांगू, मग ठरवू, असं करू नका. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक मागून लिहून ठेवा.

`.apk` टाकली असेल तर तो फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फायही बंद आहे ना ते पाहा, आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून गाठा. त्याच फोनवरून पासवर्ड बदलण्यात अर्थ नाही, नवा पासवर्डही चोराला दिसू शकतो.

मग पासवर्ड बदला. तोच पासवर्ड ईमेलला वापरत असाल तर तिथलाही बदला, कारण ईमेल हातात असलं की बाकीचे पासवर्ड नव्याने घेता येतात. त्यानंतर बँकेच्या अ‍ॅपमध्ये चार जागा तपासा: लाभार्थ्यांची यादी, नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल, व्यवहाराची मर्यादा, आणि कुठल्या फोनांवर लॉगिन आहे ती यादी. पैसे गेलेले नसले तरी चोर इथे पुढच्या वेळेची सोय करून ठेवतो. मर्यादा वाढवून ठेवणं आणि ईमेल बदलणं हे लगेच लक्षात येत नाही, म्हणून ते मुद्दाम पाहायचं.

मेसेज पुसू नका. त्याचा स्क्रीनशॉट घ्या, लिंक पूर्ण दिसेल असा, आणि बँकेकडे व तुमच्याकडच्या सायबर पोलिसांकडे तक्रार करताना तो जोडा. ती लिंक हाती असली की ती खोटी साइट बंद करायला सांगता येतं.

तक्रार केल्यानंतर काही दिवसांनी कदाचित आणखी एक फोन येईल. तुमचं नाव, किती पैसे गेले, कुठल्या बँकेतून, सगळं त्यांना माहीत असेल. "तुमचे पैसे सापडले आहेत, परत मिळवण्यासाठी थोडी फी भरा, किंवा या लिंकवर खात्याची माहिती द्या," असं ते सांगतील. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, आणि हा फोन त्या यादीवरून आलेला असतो. तो ठेवा, आणि आपल्याकडे लिहून ठेवलेला तक्रार क्रमांक घेऊन बँकेला स्वतः फोन करा.